एका सर्वनामावर उभा राहिलेला सिद्धान्त

संपादक महोदय,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत धर्मग्रंथांच्या भाषांतरांवर आलेला लेख वाचला. भाषांतरकाराने निवडलेल्या शब्दांमुळे धर्मसिद्धान्तांना वळण लागते, हे लेखकाचे म्हणणे मला मान्य आहे. त्यासाठी दिलेले यशयाचे उदाहरण मात्र फार दुबळे आहे, आणि दुबळ्या उदाहरणाने खरी गोष्टही खोटी वाटू लागते, म्हणून हे पत्र.

जुन्या करारातील यशयाच्या पुस्तकात, सातव्या अध्यायात, हिब्रू शब्द 'आल्मा', म्हणजे तरुण स्त्री, असा आहे. ख्रिस्तपूर्व काळातील ग्रीक भाषांतरात तेथे 'पार्थेनोस', म्हणजे कुमारिका, हा शब्द आला आणि मत्तयाने तोच उद्धृत केला. एवढ्यावरून येशू कुमारिकेच्या पोटी जन्मला ही श्रद्धा भाषांतरातून निघाली, असे लेखक म्हणतात. परंतु लूकच्या शुभवर्तमानात हीच श्रद्धा यशयाच्या त्या वचनाचा आधार न घेता आलेली आहे. भाषांतराने श्रद्धेला भविष्यवाणीचा पुरावा मिळवून दिला, श्रद्धा निर्माण केली नाही. एखादा सिद्धान्त भाषांतरावर कितपत उभा आहे हे पाहायचे असेल, तर ते भाषांतर ज्यांच्या हाती कधी नव्हते त्यांच्याकडे तो सिद्धान्त आहे का, हे तपासावे. ही कसोटी लावली की सर्वांत बोलके ठरते ते नव्या करारात प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्रातील पाचव्या अध्यायाचे बारावे वचन.

एका माणसाच्या द्वारे पाप जगात आले, पापाच्या द्वारे मृत्यू आला, आणि अशा रीतीने मृत्यू सर्व माणसांपर्यंत पोहोचला, असे पौल तेथे म्हणतो. त्यापुढे ग्रीकमध्ये 'एफ् हो' असे दोन छोटे शब्द आणि मग 'सर्वांनी पाप केले' असे येते. हा ग्रीकमधला रूढ प्रयोग असून त्याचा अर्थ 'कारण' असा होतो, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. पौलाने तो इतर पत्रांतही वापरला आहे. लॅटिन भाषांतरकाराने मात्र शब्दाला शब्द ठेवून 'इन क्वो', म्हणजे 'ज्याच्यात', असे लिहिले. 'कारण सर्वांनी पाप केले' या वाक्याचे 'ज्याच्यात सर्वांनी पाप केले' असे झाले, आणि कोणाच्यात, हा मूळ मजकुरात नसलेला प्रश्न उभा राहिला.

हा पेच मराठी वाचकाला चटकन उमगेल, कारण आपल्याप्रमाणेच लॅटिन आणि ग्रीक या भाषांतही तीन लिंगे आहेत. आपले 'ज्याच्यात' पुल्लिंगाला आणि नपुंसकलिंगाला चालते, स्त्रीलिंगाला 'जिच्यात' लागते. 'क्वो'चेही तसेच आहे. लॅटिनमध्ये 'मृत्यू' स्त्रीलिंगी असल्यामुळे तो बाद होतो आणि उरतात नपुंसकलिंगी पाप व पुल्लिंगी माणूस, म्हणजे आदाम. लॅटिन चर्चचा मोठा धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीन याने आधी हे दोन्ही अर्थ शक्य मानले होते. पुढे 420 च्या सुमारास जन्मजात पाप नाकारणाऱ्या पेलेगियसच्या अनुयायांशी वाद चालू असताना त्याने ग्रीककडे पाहिले. ग्रीकमध्ये पाप स्त्रीलिंगी आहे, म्हणून तेही बाद झाले. मृत्यू ग्रीकमध्ये पुल्लिंगी आहे, पण 'मृत्यूमध्ये पाप केले' याचा अर्थ त्याला लागेना. राहिला एकटा आदाम. त्यावरून ऑगस्टीनने ठरवले की आदामने पाप केले तेव्हा अवघी मानवजात त्याच्या ठायी होती आणि म्हणून प्रत्येक मूल जन्मतःच दोषी असते; हाच मूळ पापाचा सिद्धान्त. प्रतिपक्षाचा युलियन 'ज्यामुळे' असा अर्थ सुचवत होता, तो ऑगस्टीनने नाकारला. मला या साऱ्यात सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की त्याने मूळ भाषा तपासली, व्याकरणही बरोबर लावले, पण हे सर्वनाम कोणत्या तरी नामाकडेच बोट दाखवते, हे लॅटिनने घालून दिलेले गृहीतक त्याने सोडले नाही.

याच वचनाचा हवाला 418 च्या कार्थेजच्या आणि पुढे 1546 च्या ट्रेंटच्या धर्मसभेने मूळ पापाविषयीच्या निर्णयांत दिला. बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या अर्भकाचे काय होते, या प्रश्नावर ऑगस्टीनने अतिशय सौम्य पण शिक्षाच सांगितली. मध्ययुगात तिची जागा 'लिंबो'च्या, म्हणजे जिथे स्वर्ग नाही पण यातनाही नाहीत अशा स्थितीच्या, कल्पनेने घेतली, आणि अशा बालकांच्या तारणाची आशा धरायला गंभीर आधार आहेत, असे सांगणारा व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाचा दस्तऐवज 2007 मध्ये आला. मधल्या शतकांत मूल गमावलेल्या किती मातांनी हा घोर वाहिला असेल, याचा विचार मनातून जात नाही. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडील चर्चमध्ये मात्र आदामकडून आपल्याला मर्त्यता मिळाली, अपराध नव्हे, ही समजूत प्रबळ राहिली. हे उदाहरण कसोटीला उतरते.

तरीही सारा भार भाषांतरावर टाकणे न्यायाचे होणार नाही. पेलेगियससमोरही 'इन क्वो' हेच शब्द होते आणि त्याने त्यांतून आदामचा कित्ता गिरवून सर्वांनी पाप केले, एवढाच अर्थ काढला. शिवाय ऑगस्टीनजवळ दुसरा आधारही होता: चर्च तान्ह्या मुलांना पापक्षमेसाठी बाप्तिस्मा देते, तर त्यांच्याजवळ कोणते तरी पाप असलेच पाहिजे. म्हणूनच 1979 च्या अधिकृत नव्या लॅटिन पाठात त्या जागी 'कारण' या अर्थाचे शब्द आले, तरी कॅथलिक चर्चने मूळ पापाचा सिद्धान्त सोडलेला नाही. सिद्धान्त एकदा उपासनेत आणि संस्कारांत रुजला, की ज्या शब्दाने त्याला आकार दिला तो दुरुस्त होऊनही सिद्धान्त टिकतो.

यशया आणि रोमकरांस पत्र या दोहोंच्या मधले उदाहरण येशूच्या 'मेतानोएइते' या हाकेचे. ग्रीकमध्ये तिचा अर्थ मन पालटा, असा आहे. लॅटिन बायबलातील शब्द 'प्रायश्चित्त करा' असाही वाचता येत होता, आणि पाद्र्यापुढे पापे सांगून त्याने नेमून दिलेले प्रायश्चित्त करण्याची प्रथा रूढ झालेल्या काळात तो तसाच वाचला गेला. इरॅस्मसने 1516 मध्ये ग्रीक नवा करार छापला. 1517 च्या आपल्या प्रबंधांत ल्यूथरने पहिल्याच कलमात ही हाक घेतली आणि दुसऱ्यात सांगितले की तिचा अर्थ संस्कारातले प्रायश्चित्त असा लावता येत नाही. मात्र ग्रीक चर्चमध्येही पापकबुलीचा संस्कार आहे, तेव्हा तो संस्कार भाषांतरातून जन्मला असे म्हणता येत नाही. मराठी बायबलात 'पश्चात्ताप करा' असे आहे. हा शब्द प्रायश्चित्तापासून दूर राहतो, पण झाल्या गोष्टीच्या तापावर भर देतो. पालटण्याची बाजू त्यात फिकी पडते.

शब्दनिवडीचा असा निवाडा आपल्याकडे जाणीवपूर्वक करणाऱ्या पंडिता रमाबाईंचा उल्लेख लेखात हवा होता. संस्कृतच्या त्या पंडिता, तरीही संस्कृतप्रचुर आणि हिंदू तत्त्वज्ञानाच्या अर्थछटा घेऊन येणारे शब्द टाळून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल उतरवले. त्या 1922 मध्ये निवर्तल्या आणि ते 1924 मध्ये प्रकाशित झाले. त्यांचे भाषांतर आणि प्रचलित मराठी बायबल यांतील मोजकी वादग्रस्त वचने शेजारी-शेजारी छापून, प्रत्येक निवडीने अर्थ कुठे वळतो हे दाखवणारा लेख आपण एखाद्या जाणकाराकडून लिहवून घ्यावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक
गिरगाव, मुंबई