परीक्षाकाळातील आहाराबाबत सूचना

अभ्यासिकेच्या सर्व विद्यार्थी सदस्यांस व पालकांस कळविण्यात येते की, बदाम, अक्रोड किंवा ‘स्मरणशक्तीची’ महागडी पावडर खाऊन आठवडाभरात बुद्धी वाढत नाही. सुकामेवा पौष्टिक आहे, एवढेच. मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के ऊर्जा वापरतो आणि त्याचे मुख्य इंधन ग्लुकोज असले, तरी नुसता चहा-बिस्किटांचा नाश्ता लवकर पचतो व ऐन पेपरात भूक लागून लक्ष उडते.

बोर्डाचा पेपर 11 वाजता असल्यास, लोकलचा प्रवास धरून, साडेआठच्या सुमारास मटकीची उसळ व पोळी, किंवा भरपूर शेंगदाणे घातलेले पोहे व एक अंडे किंवा वाटीभर दही घ्यावे. त्यातील प्रथिने आणि तंतूंमुळे ग्लुकोज रक्तात हळूहळू उतरते. मात्र नेहमीच्या सवयीबाहेरचा पदार्थ त्या दिवशी प्रथमच खाऊ नये. उकाड्यामुळे पाण्याची बाटली सोबत असावी. चहा-कॉफीतील कॅफिनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनीही शरीरात राहतो, म्हणून संध्याकाळनंतर अभ्यासिकेतील चहा बंद राहील. जागरणाने गेलेली एकाग्रता कोणत्याही खाण्याने भरून निघत नाही.

— व्यवस्थापन समिती, अभ्यासिका, दादर