सलाइनचा पुरवठादार एकच नको : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : सलाइनच्या दरकरारात मागणी दोन उत्पादकांत विभागण्याबाबत

महोदय,

रबाळ्याच्या एका औषध कारखान्यात भांडार आणि खरेदी सांभाळण्यात माझी सगळी नोकरी झाली. आता ऐरोलीत राहतो. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने आजारी पडलेल्या माझ्या वहिनीला आमच्याच जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात दाखल केलं होतं. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी हातात चिठ्ठी दिली, "एनएस पाचशेच्या चार बाटल्या बाहेरून आणा, स्टोअरला माल नाही." एनएस म्हणजे नॉर्मल सलाइन, पाचशे मिलीची बाटली. शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईकडेही तीच चिठ्ठी होती. तिने पिशवीतली चिल्लर दोनदा मोजली.

मी स्टोअरमध्ये जाऊन चौकशी केली. तिथल्या फार्मासिस्टने आदबीने सगळं सांगितलं. वर्षाची सगळी ऑर्डर सर्वांत कमी दराच्या एकाच निविदाकाराला होती. त्याच्या एका बॅचचा वापर थांबवायचा आदेश आला, आणि चौकशी होईपर्यंत त्याचा बाकीचा मालही बाजूला ठेवावा लागला. दुसऱ्याकडून घ्यायचं तर नवी निविदा काढायला हवी होती. त्या फार्मासिस्टचा यात काही दोष नव्हता. खरेदीची रचनाच अशी होती की एक दोरी तुटली की सगळं खाली येणार.

राज्यात औषधखरेदीसाठी 2023 च्या कायद्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभं राहिलं आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो. मागणी विभागणं नियमात बसत नाही, असं अनेकांना वाटतं. पण केंद्र सरकारच्या वस्तू खरेदी नियमपुस्तिकेत अत्यावश्यक वस्तूंसाठी ही सोय आहे. विभागणीचं प्रमाण, उदाहरणार्थ 70:30, निविदेतच आधी जाहीर करायचं. मोठा वाटा एल-वनला, म्हणजे सर्वांत कमी दराच्या निविदाकाराला मिळतो, आणि त्याच्या खालोखाल दर असलेल्या एल-टूने एल-वनचा दर मान्य केला की उरलेला वाटा त्याला द्यायचा. दर उघडल्यावर वाटप ठरवलं तर मात्र संशयाला जागा राहते, आणि ते योग्यही नाही.

खर्चाचा हिशेब मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत. समजा वर्षाला 12 लाख बाटल्या लागतात. एल-वनचा दर 20 रुपये, एल-टूचा साडेएकवीस. सगळं एल-वनला दिलं तर 2 कोटी 40 लाख होतात. एल-टू दर उतरवायला तयार झाला नाही आणि त्याच्याच दराने 30 टक्के, म्हणजे 3 लाख 60 हजार बाटल्या घेतल्या, तर वर्षाला 5 लाख 40 हजार जास्त जातात. हा झाला विम्याचा हप्ता. आता एल-वन दोन महिने बंद पडला असं धरा. एकच पुरवठादार असेल तर 2 लाख बाटल्या स्थानिक बाजारातून, समजा 35 रुपयांनी, घ्याव्या लागतील. जादा खर्च 30 लाख. दुसरा पुरवठादार चालू असेल आणि त्याने महिन्याचा माल 30 हजारांवरून 60 हजारांवर नेला, तर बाहेरून फक्त 80 हजार बाटल्या घ्याव्या लागतील. त्याचा वाढीव दर धरूनही जादा खर्च 13 लाखांच्या आत राहतो. म्हणजे अशा एका प्रसंगात 17 लाख वाचतात. नुसत्या पैशाने पाहिलं तर साधारण तीन वर्षांत एकदा असा प्रसंग आला तरी हप्ता वसूल होतो. त्या बाईच्या पिशवीतली चिल्लर या हिशेबात धरलेली नाही.

मात्र विभागणी कागदावरच राहिली तर हा हप्ता फुकट जातो. त्या दिवशी फार्मासिस्टने दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या. ब्रँड वेगळे, लेबलचे रंग वेगळे. खालची बारीक अक्षरं वाचायला चष्मा काढावा लागला. उत्पादकाचा पत्ता एकच आणि परवाना क्रमांकही तोच. दोघेही विक्रेते एकाच कारखान्यातून माल भरून घेत होते. अशा दोघांना 70:30 वाटून दिलं तर कारखाना बंद पडताच दोघेही थांबणार. म्हणून निविदेत दोन निविदाकार मागून भागणार नाही, उत्पादनाची जागा आणि परवाना वेगळा असलेले दोन उत्पादक मागायला हवेत.

हा धडा मी स्वतः ठेच खाऊन शिकलो आहे. आमच्या कारखान्याला मालाची खोकी, ज्यांना आम्ही शिपर म्हणतो, पुरवणारे दोघे होते, एक बदलापूरचा आणि एक शहाडचा. दोन पुरवठादार आहेत म्हणून मी निर्धास्त होतो. 26 जुलै 2005 ला उल्हास नदीचं पाणी चढलं आणि दोघांचीही गोदामं बुडाली. पुठ्ठ्याचा लगदा झाला. तयार औषध पडून, आणि भरायला खोकं नाही. दोन्ही गाळे एकाच नदीच्या काठी आहेत हे नकाशा पाहिला असता तर मला आधीच कळलं असतं. त्यानंतर मी तिसरा पुरवठादार तळोज्याचा शोधला.

दुसरी अडचण वेळेची. सलाइन निर्जंतुक असावं लागतं, आणि निर्जंतुकतेच्या चाचणीत नमुने 14 दिवस उबवून पाहतात. त्यामुळे दुसऱ्या उत्पादकाने आज जादा माल करायला घेतला तरी तो साधारणपणे दोन आठवडे कारखान्याबाहेर पडत नाही. वाहतूक आणि वाटप धरा, महिना सहज जातो. निविदा मंजूर होऊन नुसता यादीत बसलेला पुरवठादार अशा वेळी कामाचा नाही. ज्याचा माल दर महिन्याला येतो, ज्याच्या बाटलीला सिस्टरांचा हात सरावलेला आहे, तोच उत्पादन वाढवू शकतो. मधल्या महिन्यासाठी साठा राखायलाच हवा. दोन पुरवठादार म्हणजे साठ्याला पर्याय नव्हे.

यातला धोकाही सांगतो, कारण मी टेबलाच्या खरेदीच्या बाजूला बसलेलो आहे. दुसऱ्यालाही वाटा मिळणार हे ठाऊक असलं की निविदाकार दर पाडायला कचरतात. दोनच जण असतील तर संगनमताने दर फुगवून वाटून घेण्याचा मोह होतो. म्हणून 50:50 कधीच नको. पात्र उत्पादक किमान तीन असतील तरच विभागणी करावी, आणि एल-टूचा दर ठरावीक टक्क्यांपेक्षा वर असेल तर त्याला वाटा देऊ नये. अगदी थोड्या प्रमाणात लागणाऱ्या औषधांना हे लावू नका. तिथे मागणी फोडली की कोणालाच ती परवडत नाही. एखाद्या तपासणी यंत्राला ठरावीक कंपनीचंच रसायन चालत असेल तर तिथेही हा उपाय चालणार नाही.

पण सलाइनची गोष्ट वेगळी आहे. मागणी मोठी, उत्पादक अनेक, आणि नसलं तर रुग्ण थांबू शकत नाही. म्हणून माझी मागणी एवढीच आहे की येत्या दरकरारात एनएस आणि आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट, या दोन सलाइनसाठी 70:30 ची अट छापावी, प्रत्येक निविदाकाराकडून उत्पादनस्थळाचा पत्ता आणि परवाना क्रमांक घ्यावा, आणि निवडलेल्या दोघांचे ते कागद शेजारी ठेवून तपासण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावावर लावावी.

आपला नम्र,
एक निवृत्त भांडारप्रमुख
ऐरोली, नवी मुंबई