पहिली नाइट आणि अडकलेली यादी

प्रिय मने,

फोन उचलत नाही म्हणून चिडली असशील, तर चीड. तब्येत बरी आहे, सर्दी सोडून. पण काल रात्रीचं तुझ्याशिवाय कुणाला सांगू? आईला सांगितलं तर ती आधी विचारणार, जेवलीस का!

पहिलीच नाइट. बायोकेमिस्ट्रीला मी आणि सर. मध्यरात्रीच्या सुमारास मशीन आणि एलआयएसचं बोलणं बंद पडलं. मशीन सॅम्पल लावतंय, रिझल्ट देतंय, आणि कॉम्प्युटरवर सगळं पेंडिंग. यादी फुगत चाललेली. मी सॅम्पल पुन्हा लावायला निघाले तर सर म्हणाले, "थांब. टेस्ट झालीये, निरोप पोचला नाहीये. आधी मशीनच्या स्क्रीनवर बघ." मग एकेक बारकोड यादीशी जुळवायचा, रजिस्टरला लिहायचं, आयसीयू-कॅज्युअल्टीचं फोनवर कळवायचं आणि पलीकडच्याकडून आकडा परत वाचून घ्यायचा. नावावर जायचं नाही. एकाच नावाचे दोन पेशंट होते, वॉर्डही एकच!

त्यातच एक साखर ५८ आली. ट्यूब लाल टोपणाची, फ्लोराइडची नव्हे. यादीत लॅबमध्ये आल्याची वेळ होती, रक्त काढल्याची नाही. वॉर्डला विचारलं तर ट्यूब संध्याकाळपासून ट्रेमध्येच पडून, साधारण पाच तास, सेंट्रिफ्यूज न करता. आठवतं, सीरम लगेच वेगळं केलं नाही तर पेशी साखर खात राहतात, तासाला पाच ते सात टक्के, यावरून आपण मॅडमसमोर भांडलो होतो? तू म्हणालीस एवढ्याने काय होतं. हे होतं, बाई! सिस्टरांनी ग्लुकोमीटर लावला, ८४. पेशंट मजेत बसलेला. मी रजिस्टरला लिहिलं, "होल्ड, नवीन सॅम्पल राखाडी ट्यूबमध्ये."

आता माझ्या डोक्यातून जात नाहीये ते ऐक. पहाटे सिंक सुरू झालं आणि अडकलेलं सगळं एकदम आत आलं. त्यात ती ५८ पण, इतरांसारखीच, व्हेरिफाय व्हायला तयार. होल्ड रजिस्टरात होता ना, मशीनला काय माहीत! मला आठवत होतं म्हणून मी रिजेक्ट केली. पण तोवर शिफ्ट बदलली असती तर? सकाळची मुलगी सगळं सिलेक्ट करून व्हेरिफाय दाबणार, आणि कुणीतरी त्या माणसाला ग्लुकोज चढवणार. सर म्हणाले, आता लिंक तुटली की मशीनच्या कॉम्प्युटरवर कागद चिकटवायचा: होल्ड केलेले बारकोड. बरं, पण कागद पडला तर? तू हसशील, हस. तुझ्याच ट्यूबवर एकदा उलटं लेबल लागलं होतं, विसरले नाहीये.

तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे? फ्लॅटचं झालं का? साखरपुड्याचे फोटो पाहिले, छान आहेत, साडी जरा भडक.

आणि तुमच्याकडे अशा वेळी होल्ड कुठे लावतात ते लिही. मशीनमध्येच रिझल्ट अडवता येतो का? आज पुन्हा नाइट आहे.

तुझी,
सुमी