विषय: अपडेटची सक्ती केलीत, पण अपडेट दिलंच नाहीत

ग्राहकसेवा प्रमुख,

तुमच्या माणसाशी 22 मिनिटं बोलून आत्ताच फोन ठेवला. हा चौथा फोन. आता लेखी घ्या.

सोमवारपासून ॲप उघडलं की स्क्रीनभर पाटी येते: 'ही आवृत्ती आता चालणार नाही.' खाली एकच बटण, 'अपडेट करा'. ते दाबलं की प्ले स्टोअर उघडतं, आणि तिथे 'अपडेट'च्या जागी 'उघडा' लिहिलेलं असतं. ते दाबलं की परत तुमची पाटी. माझ्याकडे 5.3 आहे, तुम्हाला 5.4 हवी आहे आणि स्टोअर मला 5.4 देत नाही.

का देत नाही, ते तुमच्याच दुसऱ्या फोनवरच्या मुलीच्या तोंडून निसटलं. नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने सोडताय, सध्या 20 टक्के लोकांना. त्यात गैर काही नाही, काही बिघडलं तर थोडक्यांचंच बिघडतं. पण मग सर्व्हरवरची 'किमान आवृत्ती' तुम्ही 5.4 करून ठेवलीत ती मात्र शंभर टक्के लोकांसाठी! म्हणजे शंभर जणांना घराबाहेर काढलं आणि किल्ल्या वीस जणांना दिल्या. हे दोन आकडे एकमेकांशी जुळवून बघायचं काम तुमच्याकडे कुणाचंच नाही का?

आणि 5.3 'चालणार नाही' म्हणता, तर ती उत्तम चालते. फोन एअरप्लेन मोडवर टाकला की पाटी येतच नाही, कारण पाटी लावायला सांगणारा तुमचा सर्व्हरच तेव्हा भेटत नाही. ॲप उघडतं, सगळं दिसतं. तपासणीच्या 14 नोंदी दिसतात, प्रत्येकीपुढे 'पाठवायची बाकी' असं घड्याळाचं चिन्ह. नेट लावलं की पाटी, नेट काढलं की नोंदी. पाठवायच्या कशा?

आता आजचा फोन. मी हे सगळं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, ॲप अपडेट करा." म्हटलं, बटणच नाहीये. "मॅडम, माझ्या फोनमध्ये आहे." विचारलं, तुमचा फोन कुठला? आयफोन. अहो, तिथे टप्प्याटप्प्याचा हिशोब फक्त आपोआप होणाऱ्या अपडेटला लागू असतो, स्टोअरमध्ये जाऊन हाताने कुणालाही नवी आवृत्ती घेता येते. अँड्रॉइडवर तसं नाही. हे मी त्यांना समजावलं. मी, ग्राहकाने! थोडा वेळ शांतता. मग कागदावरचं वाचल्यासारखा आवाज आला, "मॅडम, ॲप काढून टाका आणि परत टाका."

मी विचारलं, त्या 14 नोंदींचं काय होईल?

"मॅडम, डेटा सर्व्हरवर सुरक्षित असतो."

जो डेटा तुमच्या सर्व्हरने दारातूनच परत पाठवला, तो सर्व्हरवर सुरक्षित कसा असेल? तो फक्त माझ्या फोनमध्ये आहे आणि ॲपबरोबर पुसला जाणार आहे. बरं, परत टाकल्यावर 5.4 मिळेल याची खात्री? टप्प्याबाहेरच्या माणसाला नव्याने टाकतानाही जुनीच मिळते. म्हणजे नोंदीही जातील आणि पाटीही राहील. हे बोलल्यावर मला विचारण्यात आलं, "आणखी काही मदत हवी आहे का?" आधीची मदत कुठली होती, ते कळवा.

मी ॲप काढलेलं नाही. एअरप्लेन मोडवर बसून 14 नोंदींचे आकडे वहीत उतरवले आहेत. फोटो वहीत उतरवता येत नाहीत.

मला हवंय ते एवढंच. 5.4 सगळ्यांना मिळेपर्यंत किमान आवृत्ती परत 5.3 करा. सर्व्हरवरचा एक आकडा बदलायचा आहे, त्यासाठी नवं ॲप सोडावं लागत नाही. तोवर अपडेटची आठवण करून द्यायची तर खुशाल द्या, पण तिच्यावर 'नंतर' असं बटण असू द्या. आणि सक्ती करायचीच असेल, तर पाटी लावण्याआधी निदान बाकी नोंदी तरी आत घ्या.

आणखी एक प्रश्न, जो चारही फोनवर विचारला आणि चारही वेळा 'वरिष्ठांना कळवतो' ऐकलं: माझ्या नोंदी 5.3 ने तिच्या साच्यात लिहून ठेवल्या आहेत. उद्या 5.4 आली आणि तिने त्या पाठवल्या, तर तुमचा बदललेला सर्व्हर तो जुना साचा स्वीकारणार आहे का? की तिथेही पाटी आहे? याचं उत्तर लेखी आणि ज्याने तो सर्व्हर बदलला त्याच्याकडूनच द्या.

शुक्रवारपर्यंत काही हललं नाही तर भरलेली वर्षाची वर्गणी परत मागेन आणि ग्राहक आयोगाचं दारही ठोठावेन. सहा वर्षं वापरतेय हे ॲप. चौघांना मीच घ्यायला लावलं होतं, त्यांना आता तोंड कसं दाखवू?

ता. क. फोन ठेवताच 'आमची सेवा कशी वाटली?' असा मेसेज आला. लिंक दाबली. ती तुमच्या ॲपमध्ये उघडते. समोर पाटी.