ओंकारच्या ऑफर लेटरबद्दल, सगळ्यांनी वाचा

ओंकार, अभिनंदन झालं, आता लेटर नीट वाच. वर 'कंडिशनल' लिहिलंय ना, म्हणजे यूकेची सीट अजून पक्की नाहीये. तुझी अट आहे फायनल ईयरला ६० टक्के, त्यामुळे शेवटच्या सेमची मार्कशीट आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेट हातात आलं की लगेच पोर्टलवर टाक, मग ऑफर अनकंडिशनल होईल. डिपॉझिट भरल्यावर युनिव्हर्सिटीकडून CAS, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचा नंबर मिळतो, आणि त्याच्याशिवाय व्हिसाचा फॉर्म भरताच येत नाही.

आता पैशांचं, हे मोठ्यांनीपण वाचा. उरलेली फी आणि राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात दिसायला हवा, आणि तो २८वा दिवस व्हिसाच्या अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांतला हवा. मधे एक दिवस जरी बॅलन्स खाली गेला तरी मोजणी पहिल्यापासून. म्हणजे १ जुलैला पैसे टाकले तर २८ जुलैपर्यंत हात लावायचा नाही, त्यातून लॅपटॉप तर नाहीच! खातं ओंकारचं किंवा आईबाबांचं. काका, तुमच्या खात्यातले चालत नाहीत, आत्ताच ट्रान्सफर करा. आईबाबांचं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र लागेल.

व्हिसासाठी टीबी टेस्टची अपॉइंटमेंटपण घेऊन ठेव.