घोट घेतला ती वेळ लिहून ठेवा

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, गेल्या वर्षीचा तुमचा रिपोर्ट काल पुन्हा काढून बघितला. उपाशीपोटी ११२, ग्लुकोज प्यायल्यावर १३४. 'ग्लुकोजनंतरचा आकडा नॉर्मल आहे' म्हणून आपण फाइल बंद केली. पण पावतीमागे आईने लिहून ठेवलंय: प्यायले ८.१०, दुसरं रक्त १०.५०. म्हणजे दोन तासांचं रक्त दोन तास चाळीस मिनिटांनी घेतलं. तुम्ही बाकावर नाव पुकारायची वाट बघत बसला होतात आणि तिथे कोणी घड्याळ बघितलं नाही. तेव्हा मी सोबत नव्हते, याचं फार वाईट वाटतं.

ग्लुकोज पोटात गेलं की साखर साधारण अर्ध्या ते एका तासात वर चढते, मग इन्सुलिन तिला खाली आणतं. ती किती लवकर उतरते, हेच ही टेस्ट बघते. दोन तासांनी १४० च्या आत असेल तर ठीक, १४० ते १९९ मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा वर म्हणजे मधुमेह. हे आकडे बरोबर दोन तासांसाठीच ठरवलेत. चाळीस मिनिटं जास्त मिळाली तर साखर आणखी उतरलेली असू शकते. १०.१० ला तुमची १३४ होती की १६०, हे त्या रिपोर्टवरून कळतच नाही. म्हणून डॉक्टरांनी पुन्हा सांगितलंय.

आई, तीन दिवस आधीपासून त्यांचा भात-पोळी बंद करू नकोस. पिष्टमय खाणं एकदम तोडलं तर ग्लुकोज आल्यावर इन्सुलिन मंदावतं आणि साखर उगाच जास्त दिसते. रोजचंच जेवण दे. शुक्रवारी रात्री दहानंतर फक्त पाणी, सकाळचा चहाही नाही. गोळ्यांचं मी डॉक्टरांना विचारून कळवते.

शनिवारी आधी उपाशीपोटीचं रक्त घेतील. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाव लिटरभर पाण्यात. खूप गोड लागतं, पण पाच मिनिटांत संपवायचं. दोन तास मोजायचे ते पहिल्या घोटापासून, ग्लास रिकामा झाल्यापासून नाही. मधे बसून राहायचं. बाबा, तलावपाळीला चक्कर मारायची नाही. चालताना स्नायू साखर ओढून घेतात आणि आकडा खोटा कमी येतो. उलटी झाली तर लगेच सांगा, मग टेस्ट दुसऱ्या दिवशी करू. रक्त करड्या बुचाच्या नळीत घेतात ना, तेही बघेन. त्यातलं औषध रक्तपेशींना साखर खाऊ देत नाही. साध्या नळीत पडून राहिलं तर साखर तिथेही कमी होत जाते.

मी सकाळच्या लोकलने नेरुळहून ठाण्याला येते. मोबाइलवर गजर लावेन आणि पाच मिनिटं आधीच काउंटरवर जाऊन उभी राहीन. डब्यात उपमा आणते, तो दुसरं रक्त दिल्यावर तिथेच खाऊ.

तुमची,
मनू