तक्रार : मुद्दल-व्याजाची फोड न देणे आणि दंडाचे 1,500 रुपये मुद्दलात मिसळणे

दिनांक : 16 जून 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

महोदय,

पिठाच्या गिरणीसाठी मी 5 जून 2024 रोजी आपल्या कंपनीकडून 2,00,000 रुपयांचे कर्ज घेतले. व्याजदर 18 टक्के, घटत्या शिलकीवर. 36 हप्ते, दर महिन्याच्या 5 तारखेला 7,230 रुपये. आजवर 12 हप्ते भरून झाले. त्यातले मुद्दलाला किती गेले हे विचारायला गेल्या आठवड्यात शाखेत गेलो. प्रिंटर बंद होता. तिथल्या साहेबांनी संगणकाच्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यात तारीख, जमा आणि शिल्लक हे रकाने कसेबसे वाचता येतात. मुद्दल आणि व्याज हे मला हवे असलेले दोनच रकाने मात्र ट्यूबलाइटच्या उजेडात पांढरे पडले आहेत.

फोटो बदलून मागितला तर "हप्ता भरताय ना, मग झालं" असे उत्तर मिळाले. गिऱ्हाइकाच्या दळणात तूट किती धरली हे मला रोज सांगावे लागते, म्हणून मी हिशेब मागितला. नाही मिळाला, तेव्हा शिलकीच्या रकान्यावरून स्वतःच मांडला. तो सोबत जोडला आहे.

पद्धत साधी आहे. एका हप्त्यानंतर शिलकीत जेवढी घट दिसते तेवढे मुद्दल फिटले, आणि 7,230 मधून ते वजा केले की व्याज उरते. पहिल्या हप्त्यानंतर शिल्लक 1,95,770 आहे. म्हणजे 4,230 मुद्दल, 3,000 व्याज. 2,00,000 वर महिन्याला दीड टक्का बरोबर 3,000 होतो. प्रक्रिया शुल्क कापून माझ्या खात्यात 1,96,460 आले होते, पण व्याज पूर्ण दोन लाखांवर लागते हे यातून दिसले. रोजच्या दिवसांवर व्याज धरले असते तर 30 दिवसांचे 2,959 आले असते. तेव्हा आपल्याकडे दर महिन्याला वर्षाच्या व्याजाचा बारावा भाग लागतो, हेही कळले. एवढे कळल्यावर पुढचा प्रत्येक महिना मला कागदावर काढता आला.

फोटोतले अंक पुसट असल्याने याच हिशेबाचा आधार घेतला. ऑक्टोबरच्या ओळीतला आकडा 1,82,696 आहे की 1,82,896, हे भिंग लावूनही ठरेना. सप्टेंबरची शिल्लक 1,87,119 स्वच्छ वाचता येते. तिच्यावर दीड टक्का म्हणजे 2,807 व्याज, 7,230 मधून उरलेले 4,423 मुद्दल, आणि शिल्लक 1,82,696. तो सहा होता. अशा रीतीने जानेवारी 2025 पर्यंतच्या सातही ओळी माझ्या कागदाशी रुपयाला रुपया जुळल्या. 5 जानेवारीची शिल्लक 1,69,024.

पुढची ओळ मात्र जुळली नाही. फेब्रुवारीत गिरणीची मोटर जळाली, रिवाइंडिंगला पैसे गेले आणि 5 तारखेचा हप्ता बँकेतून परत गेला. चूक माझी होती. 17 फेब्रुवारीला शाखेत रोख 7,230 भरले, पावती माझ्याकडे आहे. त्या दिवशीची शिल्लक माझ्या हिशेबाने 1,64,329 यायला हवी. फोटोत 1,65,829 आहे. आधी वाटले, माझ्या डोळ्यांचाच दोष असेल, पुन्हा एखादा अंक फसवत असेल. म्हणून पुढच्या महिन्यावर पडताळून पाहिले. मार्चची शिल्लक 1,61,086 स्वच्छ दिसते, आणि ती 1,65,829 वरूनच निघते. म्हणजे वाचन बरोबर होते, आकडाच फुगलेला होता.

या ओळीप्रमाणे फेब्रुवारीत मुद्दल फक्त 3,195 ने घटले आणि व्याज 4,035 झाले. हे वर्षाला जवळपास 29 टक्के पडते. माझा दर 18 आहे, तेव्हा हे सगळे व्याज असूच शकत नाही. नेहमीचे व्याज 2,535 वजा केले की 1,500 उरतात. करारपत्रात हप्ता परत गेल्यास 500 आणि उशिरा भरल्यास 1,000 असे छापले आहे. बेरीज तीच येते. म्हणजे ही रक्कम वेगळी न मागता गुपचूप मुद्दलात घातली गेली.

मोठी रक्कम नाही, असे आपण म्हणाल. पण मुद्दलात गेलेल्या पैशावर दर महिन्याला दीड टक्का चढतो. मार्चमध्ये फरक 1,522 झाला, जूनमध्ये 1,592. आपल्या फोटोत 5 जूनची शिल्लक 1,46,427 आहे, माझ्या कागदावर 1,44,835. मी सगळे हप्ते वेळेवर भरले तरी 36 व्या हप्त्यानंतर आपल्या हिशेबात साधारण 2,300 रुपये बाकी दिसतील. त्यातले वीस-पंचवीस हप्ता पूर्ण रुपयात धरल्यामुळे येतात, बाकीचे या 1,500 चे पिल्लू. तेव्हा मला "थोडे राहिलेत" म्हणून सांगितले जाईल आणि कुठून आले ते कुणालाच आठवणार नाही.

रिझर्व्ह बँकेचे 18 ऑगस्ट 2023 चे परिपत्रक सांगते की दंडात्मक शुल्क मुद्दलात मिळवायचे नाही, त्यावर आणखी व्याज लावायचे नाही, आणि शुल्क लावले की ते व त्याचे कारण कर्जदाराला कळवायचे. नव्या कर्जांना हे 1 एप्रिल 2024 पासून लागू आहे. माझे कर्ज त्यानंतरचे आहे. मला ना एसएमएस आला, ना पत्र. हप्ता परत गेल्याचे 500 आपण दंड म्हणा की खर्च म्हणा, ते मुद्दलात घालण्याचा अधिकार करारातल्या कोणत्या कलमाने मिळतो, तेवढे लेखी सांगावे. मला करारात असे कलम सापडले नाही.

पैसे बुडवायचा माझा विचार नाही. 1,500 ची वेगळी पावती द्या, मी लगेच भरतो. चुकलेल्या हप्त्यातल्या 4,695 मुद्दलावर बारा दिवसांचे व्याज साधारण 28 रुपये होते, तेही घ्या. पण 17 फेब्रुवारीपासून 1,500 मुद्दलातून काढून शिल्लक दुरुस्त करावी, त्यावर लागलेले 92 रुपये व्याज परत वळते करावे, आणि राहिलेल्या 24 हप्त्यांचे वेळापत्रक मुद्दल-व्याज वेगळे दाखवून, शिक्क्यासह छापून द्यावे. फोटो नको.

30 दिवसांत उत्तर आले नाही, तर हीच कागदपत्रे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे पाठवीन.

सोबत : फोटोची छापील प्रत, 17 फेब्रुवारीच्या पावतीची झेरॉक्स, माझ्या हिशेबाची दोन पाने. दुसऱ्या पानावर फेब्रुवारीच्या ओळीखाली लाल रेघ मारली आहे.

आपला कर्जदार,
(सही)